दावा न करता सापडणारा व्हिडिओ: शीर्षक, वर्णन आणि त्यावरचा खर्च

योगवर्ग चालवणाऱ्या अनेकांचे आता यूट्यूबवर व्हिडिओ असतात. शिकवणं त्यांना येतं आणि चित्रीकरण मोबाईलवर होऊन जातं. अडतं ते शेवटच्या अर्ध्या तासात, जेव्हा शीर्षक, वर्णन, टॅग आणि छोटं चित्र भरायचं असतं. व्हिडिओबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. इथेच कुणीतरी सांगतं की ‘सात दिवसांत’, ‘कायमचं’, ‘मुळापासून’ असे शब्द टाकल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही, आणि त्यासाठी महिन्याचं पॅकेज घ्या. हे पॅकेज बहुतेकांना लागत नाही आणि ते शब्द तर कुणालाच लागत नाहीत. नेमका खर्च कुठे करावा आणि कुठे एक रुपयाही देऊ नये, हे एका नमुना व्हिडिओवरून पाहू.

समजा, साताऱ्यात योगवर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने वीस मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. गुडघे दुखणारी साठीपुढची माणसं डोळ्यांसमोर ठेवून त्यात खुर्चीवरचे व्यायाम घेतले आहेत: बसल्या बसल्या पाय सरळ करून धरणं, घोट्याच्या हालचाली, खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं, खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणं, शेवटी आधार घेऊन ताडासन आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण. व्हिडिओ चांगला आहे. त्यांना सुचवलेलं शीर्षक मात्र असं आहे:

```
गुडघेदुखी 7 दिवसांत कायमची बंद! घासलेला गुडघा भरून येईल | ऑपरेशन टाळा
```

या एका ओळीत चार दावे आहेत. सात दिवस ही मुदत, ‘कायमची’ ही हमी, गुडघ्याची झीज भरून येण्याचं आश्वासन आणि ऑपरेशनबद्दलचा वैद्यकीय सल्ला. चारही दावे खरे ठरवता येत नाहीत. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम उपयोगी आहे, यात वाद नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी आणि आर्थ्रायटिस फाउंडेशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची ठाम शिफारस आहे. योगाची शिफारसही आहे, पण सशर्त, म्हणजे पुरावा तितका भक्कम नाही हे मान्य करून. व्यायामावरच्या प्रयोगांचा कोक्रेनचा २०२४चा आढावा सांगतो की वेदना आणि हालचाल यांत काही काळ सुधारणा बहुधा होते, पण ती रुग्णाला जाणवण्याइतकी मोठी असते की नाही याबद्दल खात्री नाही. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा भरून येते, असं यातलं कुणीच म्हणत नाही. उलट ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२च्या सूचना सांगतात की व्यायाम सुरू केल्यावर सुरुवातीला दुखणं वाढू शकतं, आणि हे रुग्णाला आधीच सांगावं.

शीर्षकाने नुकसान कुठे होतं, ते या शेवटच्या वाक्यात आहे. ‘सात दिवसांत बंद’ वाचून आलेल्या आजींचा गुडघा तिसऱ्या दिवशी जास्त दुखला, तर त्या एकतर घाबरून व्यायाम सोडतील, किंवा शीर्षकावर विश्वास ठेवून दुखणं सोसत राहतील. गुडघा सुजलेला, गरम झालेला असताना कुणी सोसत राहिलं तर ते धोक्याचं आहे. शिक्षिकेने वर्गात समोर बसलेल्या कुणाला असं सांगितलं नसतं. मग पडद्यापलीकडच्या माणसालाही ते सांगू नये.

आता शोधात सापडण्याकडे येऊ. लोक शोधपेटीत दावे टाइप करत नाहीत, ते आपली अडचण आणि आपली अट टाइप करतात. गुडघे दुखतात ही अडचण. जमिनीवर बसता येत नाही, वेळ कमी आहे, वय जास्त आहे, मराठीतच हवं आहे, या अटी. मेटाडेटाचं काम या अटींची उत्तरं देण्याचं आहे, आणि ती उत्तरं देताना एकाही आजाराला बरं करावं लागत नाही.

हे शब्द शोधायला पैसे लागत नाहीत. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या पाहण्याचा परिणाम कमी होईल. यूट्यूबच्या शोधपेटीत ‘गुडघे’ एवढंच लिहून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवा. मग ‘खुर्चीवर’, ‘ज्येष्ठ’ लिहून पाहा. मराठी माणूस तीन तऱ्हांनी टाइप करतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं: देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत. तिन्ही तऱ्हा करून पाहा.

```
गुडघेदुखी व्यायाम
gudghe dukhi vyayam marathi
knee exercise for seniors marathi
```

त्यानंतर गूगल ट्रेंड्स उघडा. तिथे ‘वेब शोध’ऐवजी ‘यूट्यूब शोध’ निवडता येतो आणि दोन शब्द शेजारी ठेवून कोणता जास्त शोधला जातो ते दिसतं. मराठी शब्दांसाठी कित्येकदा पुरेशी माहिती नसल्याचा संदेश येतो. तसं झालं तर शोधपेटीतल्या सूचनांवरच भिस्त ठेवा. तुमच्या चॅनेलवर आधीचे व्हिडिओ असतील, तर यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये, प्रेक्षक कुठून आले त्या यादीत ‘यूट्यूब शोध’ उघडा. लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप करून तुम्हाला शोधलं, ते तिथे दिसतं. पॅकेज विकणाऱ्याच्या ‘कीवर्ड रिपोर्ट’पेक्षा ही यादी तुमच्या जास्त कामाची, कारण ती तुमच्याच प्रेक्षकांची आहे.

आता शीर्षक. यूट्यूब शंभर अक्षरचिन्हांपर्यंत शीर्षक घेतं, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. म्हणून मराठी शीर्षक इंग्रजीपेक्षा लवकर भरतं. शिवाय मोबाईलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, तेव्हा महत्त्वाचं आधी हवं. आमच्या नमुन्याचं शीर्षक असं होईल:

```
गुडघेदुखी असलेल्यांसाठी खुर्चीवरचे सोपे व्यायाम | 20 मिनिटे | जमिनीवर न बसता
```

हे ७६ चिन्हांत बसतं. ‘गुडघेदुखी’ हा शोधला जाणारा शब्द सुरुवातीलाच आहे, पण तो प्रेक्षक कोण हे सांगतो, परिणाम काय होईल हे सांगत नाही. ‘जमिनीवर न बसता’ हे शब्द ‘कायमची बंद’पेक्षा जास्त कामाचे आहेत. खाली बसू न शकणाऱ्या माणसाला ते लगेच समजतात, आणि व्हिडिओ पाहिल्यावर ते खरे ठरतात.

इथे दोन मतं असू शकतात. काही शिक्षक आजाराचं नावच घेत नाहीत आणि ‘गुडघ्यांसाठी व्यायाम’ एवढंच लिहितात. तेही चांगलं आहे, विशेषतः तुमच्याकडे प्रमाणपत्र नसेल तर. कारण आजाराचं नाव घेतल्यावर जबाबदारी वाढते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३मध्ये आरोग्य आणि स्वास्थ्य या विषयांवर बोलणाऱ्या प्रभावकांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. ‘पाणी प्या, नियमित व्यायाम करा’ असा सर्वसाधारण सल्ला त्यातून मोकळा ठेवला आहे, पण एखादं उत्पादन किंवा विशिष्ट आजार समोर ठेवून बोललात तर ती मोकळीक राहत नाही. मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या तज्ज्ञांनी ते जाहीर करायचं आहे. जे स्वतःला आरोग्यतज्ज्ञ म्हणून पुढे करतात, त्यांनी हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही असं स्पष्ट सांगायचं आहे. म्हणून ‘गुडघेदुखी’ लिहायचं ठरवलंत, तर वर्णनात तुमचं शिक्षण कुठे झालं आणि कोणतं प्रमाणपत्र आहे, ही एक ओळ हवीच. ती ओळ प्रेक्षकाचा विश्वासही वाढवते.

आजाराच्या नावाची दुसरी अडचण शोधातच आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा नावांनी शोध घेतला की यूट्यूब अनेकदा रुग्णालयांचे आणि डॉक्टरांचे व्हिडिओ वर दाखवतं. तिथे योगशिक्षिकेचा व्हिडिओ खाली जाणारच. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ लिहून ती गर्दी ओलांडता येत नाही. ‘जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं हलकं चालणं, घरातल्या घरात’ असं लिहिलं, तर तुमची स्पर्धा डॉक्टरांशी उरतच नाही.

वर्णनाला पाच हजार चिन्हांची जागा असते, पण न उघडता दिसतात त्या पहिल्या दोन ओळी. बहुतेक जण त्या ओळी ‘नमस्कार, माझ्या चॅनेलवर स्वागत’ लिहिण्यात घालवतात. तिथे शीर्षकात न मावलेल्या अटी सांगा. नमुना असा:

```
ज्येष्ठ नागरिकांसाठी मराठीत, खुर्चीवर बसून आणि खुर्ची धरून करायचे
गुडघ्यांचे व्यायाम. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची लागेल. वज्रासन नाही.

0:00 कुणी करावा, कुणी थांबावं
2:10 घोटा आणि पाय मोकळे करणं
5:30 बसून पाय सरळ करून धरणं
9:45 खुर्चीतून उठणं-बसणं
13:20 खुर्ची धरून टाचा उचलणं
16:00 आधाराने ताडासन आणि ताण

सुरुवातीला थोडं दुखणं वाढू शकतं. गुडघा सुजलेला, लाल किंवा गरम असेल,
अडकत असेल, पायावर भार टाकता येत नसेल, ताप असेल किंवा नुकतेच पडला
असाल, तर हे व्यायाम न करता डॉक्टरांना दाखवा. चालू औषध बदलू नका.
```

वेळा लिहिण्यामागे नियम आहे. पहिली वेळ 0:00 असायला हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा हवा. एवढं पाळलं तर व्हिडिओखालच्या पट्टीवर प्रकरणं दिसू लागतात. प्रत्येक प्रकरणाचं नाव म्हणजे शोधासाठी आणखी एक शब्दसमूह, आणि तो पूर्ण खरा. ‘खुर्चीतून उठणं-बसणं’ शोधणारा माणूस थेट तिथे पोहोचू शकतो. माझ्या मते, एकही रुपया खर्च न करता शोधात सापडण्यासाठी सगळ्यात मोठा फायदा या सहा ओळींत आहे, आणि सगळ्यात जास्त चॅनेल त्याच ओळी रिकाम्या सोडतात.

सूचनेच्या परिच्छेदाबद्दलही एक गोष्ट. शीर्षकात मोठा दावा करायचा आणि वर्णनाच्या तळाशी ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’ असं इंग्रजीत लिहायचं, हा खेळ चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सूचना दाव्याच्याच भाषेत असायला हवी, आणि ती मूळ दाव्याला खोडून काढणारी नसावी. शीर्षक मराठीत, तर सूचनाही मराठीतच. आणि शीर्षकातला दावा खोटा असेल, तर कोणतीही सूचना त्याला वाचवत नाही.

टॅगवर वेळ घालवू नका. टॅगसाठी एकूण पाचशे चिन्हांची जागा मिळते. यूट्यूबच्याच मदतपानावर म्हटलं आहे की शोधात त्यांचा वाटा फार थोडा आहे, आणि चुकीच्या पद्धतीने टाइप होणाऱ्या शब्दांसाठी त्यांचा खरा उपयोग आहे. म्हणून रोमन मराठीतली दोन-चार रूपं तिथे टाका आणि पुढे जा. टॅगची यादी वर्णनात चिकटवू नका, दुसऱ्या प्रसिद्ध योगगुरूंची नावं टाकू नका. दोन्ही गोष्टी यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत. हॅशटॅग तीन पुरेत. साठच्या वर गेलात तर यूट्यूब सगळ्याच हॅशटॅगकडे दुर्लक्ष करतं.

छोट्या चित्रावर मात्र लक्ष हवं, कारण मोठा दावा शीर्षकातून काढला की लोक तो चित्रात घुसवतात. लाल बाणाने दाखवलेला सुजलेला गुडघा, शेजारी हसरा निरोगी गुडघा, मध्ये ‘७ दिवस’. चित्रातला दावा हाही दावाच असतो. खुर्चीवर पाय सरळ करून बसलेल्या शिक्षिकेचं स्पष्ट छायाचित्र, त्यावर ‘खुर्चीवर, २० मिनिटे’ एवढे शब्द पुरे. वजन कमी करण्याच्या व्हिडिओत ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रं टाळा. पुढे पैसे देऊन तोच मजकूर जाहिरात म्हणून चालवायचा ठरवलात, तर जाहिरातींचे नियम आणखी कडक असतात, आणि अवास्तव दाव्याची जाहिरात नाकारली जाते.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर दावा तपासायची सोपी रीत सांगते. व्यायामाचा जोर मोजायला मेट नावाचं एकक वापरतात. मेट गुणिले शरीराचं वजन किलोत गुणिले तास, म्हणजे साधारण कॅलरी. सूर्यनमस्काराचा आकडा सुमारे ३.३ धरतात. साठ किलोच्या व्यक्तीने वीस मिनिटं सूर्यनमस्कार घातले, तर ३.३ × ६० × ⅓, म्हणजे सुमारे ६६ कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे रोज वीस मिनिटं घातले आणि बाकी काहीच बदललं नाही, तर एक किलोला जवळपास चार महिने लागतात. ‘दहा दिवसांत पाच किलो’ किंवा ‘पोटाची चरबी वितळवा’ लिहिण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू बळकट करतात, फक्त पोटावरचीच चरबी निवडून काढत नाहीत. ‘पोटाच्या स्नायूंसाठी १५ मिनिटे, नवशिक्यांसाठी’ हे शीर्षक पूर्ण खरं आहे.

आता खर्च. पुढचे आकडे आमच्या नमुन्याच्या हिशेबासाठी धरले आहेत. दर शहराप्रमाणे आणि माणसाच्या अनुभवाप्रमाणे बदलतो, तेव्हा तुमच्या गावात जो दर मिळेल तो त्या जागी घालून बेरीज करा.

शब्द शोधणं, शीर्षक, वर्णन आणि वेळा ही कामं शिक्षिकेने स्वतः करावीत. पहिल्या व्हिडिओला दोन तास जातील, सरावाने पाऊण तासात होईल. पैसे शून्य. छोटं चित्र मोफत साधनावर करता येतं, जमत नसेल तर गावातल्या डिझायनरला तीनशे ते पाचशे रुपये. उपशीर्षकं ही मात्र खर्च करण्यासारखी गोष्ट आहे. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं असतील तर ती तपासून घ्या. ‘गुडघा वाकवू नका’मधला ‘नका’ गाळला गेला, तर अर्थ उलटा होतो. टंकलेखकाला मिनिटाला तीस रुपये दिले, तर वीस मिनिटांचे सहाशे. ऐकू कमी येणाऱ्या प्रेक्षकाला उपशीर्षकं लागतातच, आणि या व्हिडिओचा प्रेक्षक साठीपुढचा आहे. परदेशातल्या मुलांनी आईवडिलांना व्हिडिओ पाठवावा असं वाटत असेल, तर शीर्षक आणि वर्णनाचं इंग्रजी भाषांतर जोडता येतं. दीडशे शब्दांचे, शब्दाला दोन रुपयांप्रमाणे, तीनशे.

शेवटचा खर्च फिजिओथेरपिस्टचा. व्हिडिओ आणि वर्णनाचं एक पान एकदा त्यांना दाखवा, आणि तपासणीच्या एका भेटीइतकं शुल्क द्या, समजा सातशे रुपये. त्यांना तीनच प्रश्न विचारा: कुणी हे करू नये, कोणत्या लक्षणांवर थांबावं, आणि मजकुरातलं कोणतं वाक्य तुम्ही स्वतः रुग्णाला सांगणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं वाक्य तिथल्या तिथे खोडा. सगळं बाहेरून करून घेतलं, तरी एका व्हिडिओची बेरीज १,९०० ते २,१०० रुपये होते. उपशीर्षकं आणि चित्र स्वतः केलंत, भाषांतर वगळलंत, तर सातशे.

आता समजा, एका एजन्सीने महिन्याला आठ व्हिडिओंसाठी बारा हजार सांगितले आणि वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे १४,१६० रुपये, व्हिडिओमागे १,७७०. यात उपशीर्षकं नाहीत, वैद्यकीय तपासणी नाही. आहेत ते ‘तीस व्हायरल टॅग’, ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ आणि दाव्यांनी भरलेली शीर्षकं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, कारण यूट्यूबचा शोध माणसागणिक वेगळा दिसतो. हमी देणारा एकतर कुणी शोधत नाही अशा शब्दांवर पहिला क्रमांक दाखवतो, किंवा विकत घेतलेली दृश्यं देतो. विकत घेतलेल्या दृश्यांबद्दल यूट्यूब चॅनेलवर कारवाई करू शकतं, एजन्सीवर नाही. दरपत्रक मागताना हे दोन प्रश्न लेखी विचारा: प्रत्येक शीर्षक प्रसिद्ध होण्याआधी माझ्या मंजुरीला येणार का, आणि करार संपल्यावर चॅनेलचा ताबा पूर्ण माझ्याकडे राहणार का. चॅनेलचा पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांमधून मर्यादित अधिकार देता येतात आणि हवे तेव्हा काढून घेता येतात.

मंजुरीचा आग्रह का, तर मजकूर कुणीही लिहिलेला असो, चॅनेल तुमचं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेटही येतं, आणि तुमच्या व्हिडिओखाली वर्गाची फी आणि फोन नंबर असेल तर तो तुमच्या सेवेची जाहिरात ठरू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. छोट्या योगवर्गाला लगेच एवढा दंड होईल असं नाही. पण हा धोका स्वीकारून मिळतं काय, तर एक उद्गारचिन्ह.

वर्णनात तेल किंवा चूर्णाची लिंक टाकणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावं. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था दिल्या आहेत, ज्यांवर औषध म्हणून जाहिरात करता येत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, कमी-जास्त रक्तदाब, हृदयविकार आणि संधिवात त्यात आहेत. नुसता व्यायाम हे औषध नव्हे, म्हणून व्यायामाचा व्हिडिओ थेट या कायद्यात येत नाही. पण ‘संधिवात घालवणारे व्यायाम’ या व्हिडिओखाली संधिवाताच्या तेलाची लिंक आली, की चित्र बदलतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एखाद्या कंपनीकडून कमिशन मिळत असेल, तर व्यायामाचा व्हिडिओ आणि उत्पादन वेगळे ठेवा, आणि ती जाहिरात आहे हे ठळक लिहा.

नवं शीर्षक चाललं की नाही, हे कसं कळणार? चार आठवडे थांबा आणि अॅनालिटिक्समध्ये तीन गोष्टी पाहा. पहिली, व्हिडिओ किती जणांना दिसला आणि त्यातल्या किती जणांनी तो उघडला. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचं हे प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतं, तेव्हा तीन-चार टक्के पाहून खचू नका. दुसरी, पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण टिकले. दाव्याचं शीर्षक उघडायला लावतं, पण प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातो, कारण त्याला जादू हवी होती आणि समोर घोटा फिरवायला सांगतात. उघडण्याचं प्रमाण जास्त आणि टिकण्याचं कमी दिसलं, तर शीर्षक व्हिडिओपेक्षा मोठं बोलतंय. उलट उघडतात कमी पण टिकतात छान, तर शीर्षक खरं आहे, फक्त चित्र किंवा पहिले शब्द बदला. तिसरी, शोधशब्दांची यादी. तिथे ‘खुर्चीवरचे व्यायाम’, ‘jyeshtha nagrik vyayam’ असे शब्द दिसू लागले, की योग्य माणसं येत आहेत.

मजकूर आवरला, तरी व्हिडिओत बोललेलं राहतं. पहिल्याच वाक्यात ‘यानं तुमची गुडघेदुखी शंभर टक्के जाईल’ म्हटलेलं असेल, तर शीर्षक बदलून भागणार नाही. यूट्यूब स्टुडिओच्या संपादकात तेवढा तुकडा कापता येतो. तो कापा, आणि उपशीर्षकांच्या फाइलमधूनही ते वाक्य काढा. वर चिकटवलेली टिप्पणी आणि प्रेक्षकांना दिलेली उत्तरंही तपासा. कुणी ‘ताई, औषध बंद करू का?’ विचारलं असेल, तर त्याला उत्तर एकच: डॉक्टरांना विचारा.

जुन्या व्हिडिओंपासून सुरुवात करा. ज्याच्याकडे शोधातून सगळ्यात जास्त लोक येतात, तो आधी घ्या. शीर्षक, वर्णन आणि चित्र कधीही बदलता येतं. त्याने व्हिडिओचा दुवा बदलत नाही, आजवरची दृश्यं आणि टिप्पण्या जात नाहीत, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.